कॉफीचा डाग: शर्टावर, कपात आणि दातांवर

पांढऱ्या सुती शर्टावर दुधाची कॉफी सांडली, की आधी टिपकागद किंवा कोरडं फडकं दाबून ती टिपून घ्यायची. घासायचं नाही, घासलं की डाग धाग्यांत उतरतो. मग शर्ट उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने नळाचं गार पाणी दोन-तीन मिनिटं सोडायचं, म्हणजे कॉफी आली त्याच वाटेने बाहेर पडते. गरम पाण्याचा मोह टाळायचा, कारण त्याने दुधातलं प्रथिन गोठून धाग्याला धरून बसतं.

दुधाच्या स्निग्धतेसाठी मी अर्धा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण बोटाने लावून पाच मिनिटं ठेवते आणि धुऊन टाकते. उरतो तो कॉफीचा तपकिरी रंग. त्यासाठी एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाणी डागावर ओतून पंधरा मिनिटं ठेवायचं. डागाच्या बाहेरचा दोन बोटं भागही भिजवायचा. नुसता डागच भिजवला तर वाळताना रंग कडेला सरकतो आणि पिवळी कड उमटते.

धुतल्यावर ओला शर्ट उजेडात धरून बघायचा. पिवळट झाक दिसली तर इस्त्री अजिबात नको, उष्णतेने ती पक्की होते. अशा वेळी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणायचं, डागावर लावायचं आणि वीस मिनिटांनी धुवायचं. रंगीत कपड्यावर ते आधी आतल्या शिवणीपाशी लावून बघावं. आणि व्हिनेगर लावलेल्या कपड्यावर क्लोरीनचं ब्लीच कधीही ओतू नये, विषारी वायू सुटतो.

कपाचं काम सोपं. चमचाभर खाण्याचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून ओल्या फडक्याने चोळला की आतलं तपकिरी वर्तुळ निघतं. कानाच्या सांध्यात जुना टूथब्रश फिरवावा. तारेच्या घासणीने मात्र चकाकीवर चरे पडतात आणि पुढची कॉफी त्याच चऱ्यांत बसते. लिंबू आणि सोडा एकत्र करण्यातही अर्थ नाही. फेस खूप येतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात.

दातांवर तर लिंबू लावूच नये. आम्लाने एनॅमल विरघळतं आणि गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. कोळशाची पूड किंवा मीठ रगडणंही टाळावं. कॉफी पिऊन झाली की लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ब्रश अर्ध्या तासाने करायचा. वरवरच्या डागांसाठी आठवड्यातून एकदा ओल्या मऊ ब्रशवर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने मिनिटभर फिरवते. डाग नखाला खरखरीत लागत असेल, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या मागे, तर ते किटण असतं. ते सोड्याने सुटत नाही, दंतवैद्याकडून स्केलिंगच करून घ्यावं लागतं.