काउंटरवरची कन्नड वही

सोलापुरात औषधाच्या दुकानात उभं राहायचं तर नुसत्या मराठी-हिंदीवर भागत नाही. कर्नाटकातल्या इंडी, अफझलपूर, आळंद तिकडची माणसं दवाखान्यासाठी सोलापूर गाठतात आणि अक्कलकोट तालुक्यातल्या कितीतरी घरांत रोजची भाषा कन्नडच असते. म्हातारी माणसं एकटी आली की चिठ्ठी पुढं करतात, आणि मग मी काय सांगतो ते त्यांना कळत नाही, ती काय विचारतात ते मला. म्हणून मी कन्नडची वही घातली. पुढं जे लिहितोय ते त्या वहीबद्दल, कारण भाषेपेक्षा वहीची मांडणी जमवायलाच मला जास्त डोकं लावावं लागलं.

बाजारात अकारविल्हे लावलेल्या शब्दसंग्रहाच्या वह्या मिळतात, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या. पत्ते आणि फोन नंबरांसाठी त्या उत्तम. शब्दांसाठी मात्र 'ह'च्या पानावर हल्लु म्हणजे दात, हालु म्हणजे दूध, होट्टे म्हणजे पोट आणि होगु म्हणजे जा, असे चौघं शेजारी येऊन बसतात. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उलट पहिले दोन कानाला इतके जवळचे की शेजारी लिहिले तर हमखास उलटसुलट व्हायचे. आणि काउंटरवर मला 'ह'चे शब्द कधीच लागत नाहीत. लागतात ते 'पोट दुखतंय' म्हणणाऱ्या माणसाशी बोलायचे शब्द.

तेव्हा विषयवार. पण विषय म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात शाळेतली यादी येते: शरीराचे अवयव, रंग, वार, भाज्या. माझा एक आतेभाऊ इंग्रजी शिकवतो, त्यानं मला तिथंच अडवलं. थॉमस टिंकहॅम नावाच्या संशोधकानं १९९३ आणि १९९७ मध्ये यावर प्रयोग केले होते. एकाच जातीचे शब्द, म्हणजे समजा सगळी फळं किंवा सगळे कपडे, एकत्र पाठ करायला दिले तर माणसांना ते असंबद्ध शब्दांपेक्षा जड गेले. एका प्रसंगात सोबत येणारे शब्द मात्र सोपे गेले. कारण साधं आहे. एका जातीचे नवे शब्द वाक्यात एकाच जागेवर बसतात, त्यामुळं ते एकमेकांची जागा बळकावतात. 'किवि' की 'कण्णु', कान कुठला आणि डोळा कुठला, हा घोळ यादीमुळंच होतो.

म्हणून माझ्या वहीतली पानं वस्तूंची नाहीत, प्रसंगांची आहेत. 'काय होतंय', 'किती दिवस झाले', 'गोळी कशी घ्यायची', 'ही कंपनी नाही, दुसरी देऊ का', 'पैसे आणि सुटे'. लाँगबुक उघडली की समोरासमोर येणारी दोन पानं मिळून एक प्रसंग. दोन पानं भरली की तो प्रसंग फोडायचा. 'काय होतंय' हे असंच वाढलं, मग त्याचं पोटाचं वेगळं आणि ताप-खोकल्याचं वेगळं झालं. पोटाच्या पानावर होट्टे आहे, नोवु म्हणजे दुखणं आहे, वांति आहे, आणि 'एनु तिंद्रि?' म्हणजे 'काय खाल्लं?' हेही आहे. डोळा आणि कान तिथं नाहीत. ते येतील तेव्हा आपापल्या पानावर येतील.

या दोन पानांची वाटणी हा माझ्या वहीतला सगळ्यात उपयोगी भाग. डावं पान कानाचं, उजवं तोंडाचं. गिऱ्हाईक जे बोलतं ते मला फक्त कळायला हवं, म्हणून ते डावीकडं. मला जे सांगायचंय ते उजवीकडं. केम्मु म्हणजे खोकला, नेगडि म्हणजे सर्दी, तले तिरुगु म्हणजे चक्कर येणं, हे सगळे कानाचे शब्द. त्यांच्यासमोर मराठी अर्थ आणि ऐकलेलं एक वाक्य, बस्स. ज्वर तर आपल्यालाही कळतो, त्याला एक ओळ पुरते. वेळ घालवायचा तो उजव्या पानावर, कारण तिथं चुकलो तर औषध चुकीचं घेतलं जाईल.

उजव्या पानावरचा एक शब्द पूर्ण उलगडून दाखवतो: 'घेणे'. नुसतं 'तगो = घे' लिहून काही हाती लागत नाही. माझ्या नोंदीत चार गोष्टी आहेत. पहिली, आदरार्थी आज्ञा: तगोरी. पुस्तकात 'तगोळ्ळि' असतं, पण आपल्याकडं येणारी माणसं उत्तर कर्नाटकाची, त्यांच्या तोंडी शेवटी 'री' असतो. दुसरी, नकार: तगोब्याड्री, घेऊ नका. तिसरी, भूतकाळ: 'गुळिगि तगोंड्रेन?', गोळी घेतलीत का? चौथी, ज्या वाक्यात मला तो लागतो ते अख्खं वाक्य: 'दिनक्के एरड गुळिगि तगोरी', दिवसाला दोन गोळ्या घ्या.

यातला भूतकाळ प्रत्येक क्रियापदाला लिहायचाच. कन्नडमध्ये मूळ रूपावरून तो नेहमी ओळखता येत नाही. कुडि म्हणजे पी, त्याचं कुडिद होतं, हे सरळ. पण कोडु म्हणजे दे, त्याचं कोट्ट. तिन्नु म्हणजे खा, त्याचं तिंद. बरु म्हणजे ये, त्याचं बंद. हे पहिल्याच दिवशी शेजारी लिहून ठेवलं तर पुढं शोधत बसावं लागत नाही.

नामांना काय लिहायचं? मराठी किंवा हिंदी शिकणाऱ्याला लिंग लिहावंच लागतं. कन्नडमध्ये माणूस सोडून बाकी सगळं नपुंसक, त्यामुळं दिवस की रात्र, गोळी की औषध, लिंगाचा रकाना लागतच नाही. त्याऐवजी 'ला' लावल्यावरचं रूप लिहावं. दिनचं दिनक्के होतं, ऊटचं, म्हणजे जेवणाचं, ऊटक्के होतं, पण ऊरुचं, म्हणजे गावाचं, ऊरिगे. कुणाला क्के आणि कुणाला गे, हे एकदा कळलं की बाकीची रूपं बरीचशी त्याच वाटेनं जातात.

एक नियम मी माझ्यापुरता केलाय: जे मराठीसारखंच आहे ते लिहायचं नाही. 'मला पाहिजे' तसंच 'ननगे बेकु', मी नव्हे तर मला. 'मला माहीत आहे' तसंच 'ननगे गोत्तु'. इंग्रजीतून कन्नड शिकणारे यावर रकाने भरतात, आपल्याला कशाला?

उच्चारासाठी मात्र कंजुषी परवडत नाही. मी कन्नड शब्द देवनागरीतच लिहितो, आणि आपल्या लिपीत ए आणि ओ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दिसत नाही. बेळे हा शब्द ऱ्हस्व ए घेऊन पीक होतो आणि दीर्घ घेऊन डाळ. म्हणून दीर्घ असेल तिथं मी अक्षरावर आडवी रेघ ओढतो. जोडाक्षर तर अधोरेखितच करतो. कालु म्हणजे पाय आणि कल्लु म्हणजे दगड, मुतखडासुद्धा. 'कालु नोवु' म्हणणाऱ्या अज्जींना मी मुतखड्याबद्दल विचारायला लागलो तर त्या काय समजतील!

आता टिंकहॅमचा मुद्दा जिथं खरोखर कामी येतो ती जागा. जेवणाआधी आणि जेवणानंतर. पुस्तकात ही जोडी असते: ऊटक्के मुंचे, ऊट आद मेले. दोन्ही एकाच दिवशी, एकाखाली एक लिहिले तर ते कायमचे चिकटतात, आणि समोर गिऱ्हाईक असताना कुठलं कुठलं ते आठवत नाही. विरुद्धार्थी शब्दांचं हे दुखणं सगळ्या भाषांत आहे. उपाय दोन. एक, जास्त लागणारा आधी घ्यायचा. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणून 'ऊट आद मेले' आधी पाठ केलं आणि ते पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला पानावर जागाच दिली नाही. दोन, दुसरा वेगळ्या शब्दांत घ्यायचा. पित्ताची सकाळची गोळी देताना मी 'मुंचे' म्हणतच नाही, 'खाली होट्टि' म्हणतो, रिकाम्या पोटी. दोघांत एकही शब्द सामाईक नाही, म्हणून अदलाबदल होत नाही.

जोडी चिकटली आहे हे कळायची खूण अशी: वहीचा एक भाग झाकून स्वतःला विचारताना उत्तर चुकत नाही, पण दोन उत्तरं डोळ्यांपुढं येतात आणि तुम्ही त्यातलं एक निवडता. निवडावं लागलं की त्यातला एक शब्द त्या पानावरून उचलायचा आणि दुसऱ्या प्रसंगात, पूर्ण वाक्यासकट, नव्यानं लिहायचा.

झाकून विचारायचंही दोन्ही पानांना वेगवेगळं. डाव्या पानाला कन्नड वाचून मराठी अर्थ सांगायचा, उजव्याला मराठी पाहून कन्नड बोलायचं, तेही मोठ्यानं. आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या मावशी अक्कलकोटकडच्या. उजव्या पानावरचं वाक्य मी म्हणायचं आणि त्यांनी हसायचं किंवा नाही, एवढी परीक्षा पुरते. मी 'तगोळ्ळि' म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "तम्मा, असं टीव्हीवर बोलतेत. आमच्यात तगोरी." तेव्हापासून ऐकलेलं रूप शाईनं आणि पुस्तकातलं पेन्सिलनं शेजारी. पाट्या, बातम्या वाचायच्या तर पुस्तकातलंही लागतं.

अर्थात वही कितीही पक्की झाली तरी औषध फक्त तोंडी सांगून देत नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो, गोळ्यांच्या रेघा मारतो, आणि 'ह्यांग तगोतीरि?' म्हणजे 'कसं घेणार?' असं त्यांनाच विचारतो. त्यांच्या उत्तरातूनच डाव्या पानाला नवे शब्द मिळतात.

विषयवार वहीची खरी अडचण शोधण्याची. शब्द आठवतो, पण लिहिलाय कुठल्या प्रसंगात? त्यासाठी शेवटची काही पानं अकारविल्हे सूचीची ठेवली आहेत: शब्द आणि पान क्रमांक, अर्थ नाही. अकारविल्हेचं तेवढंच काम. एकच शब्द दोन प्रसंगांत लागत असेल तर पूर्ण नोंद एकीकडं आणि दुसरीकडं फक्त पान क्रमांक, नाहीतर एकीकडं केलेली दुरुस्ती दुसरीकडं राहून जाते.

आणि काही शब्द कुठल्याच प्रसंगाचे नसतात. इन्नू म्हणजे अजून, मत्ते म्हणजे आणखी किंवा परत, साकु म्हणजे पुरे, याके म्हणजे का. हे सगळीकडं लागतात, म्हणून त्यांना वेगळं पान न देता पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. तिथं अर्थासमोर वाक्य लिहिण्यात मजा नाही, कारण प्रत्येक प्रसंगात वाक्य वेगळं. त्याऐवजी तो शब्द ज्या ज्या पानावरच्या वाक्यात आलाय त्या पानांचे क्रमांक लिहितो. 'मत्ते'पुढं आता इतके क्रमांक झालेत की तो पाठ करायची गरजच उरली नाही, पुढच्या वहीत त्याला मी घेणार नाही.