अकरा तारीख टाकणारी माणसं

*“काय काय बदललं ते डेव्हलपरांनी लिहूनच दिलेलं असतं. मग तुम्ही त्यात नेमकं करता काय? सोप्या भाषेत उतरवता, एवढंच ना?”*

भाषेचं काम शेवटच्या अर्ध्या तासाचं. त्याआधीचा सगळा वेळ विचारपूस करण्यात जातो. एका ओळीची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

बिलं बनवण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं ते वापरणाऱ्यांना सांगणारा मजकूर, मी लिहायचे. नवी आवृत्ती निघायच्या आधी माझ्या हातात यायची ती अशी यादी:

```
git log v3.8.0..v3.9.0 --oneline

a41c9e2 fix(invoice): store dueDate as date-only, drop UTC conversion
7d0be13 refactor(export): rename cust_nm to customer_name
c95f208 chore(deps): bump pdf library
e3b7a64 feat(reports): add monthly summary behind flag
```

या ओळी वाईट लिहिलेल्या नाहीत. एका डेव्हलपरने दुसऱ्यासाठी लिहिल्यात आणि त्याला त्या पुरतात. कोडमध्ये काय केलं, एवढंच त्या सांगतात. वापरणाऱ्या माणसाला मात्र आपल्या पडद्यावर काय वेगळं दिसणार ते हवं असतं, आणि ते या ओळींत कुठेच नसतं. जे मुळात नाही, ते सोपं तरी कसं करणार?

पहिलीच ओळ घ्या. शब्दाला शब्द ठेवला तर होतं, “देय तारीख आता फक्त तारीख म्हणून साठवली जाते, यूटीसी रूपांतर काढलं आहे.” बहुतेक शब्द मराठी, अर्थ शून्य. डेव्हलपरने स्वतः सुचवलं होतं, “तारखेसंबंधीची एक चूक दुरुस्त केली.” हे खरं आहे, पण वाचून कोणी काही करू शकत नाही.

म्हणून त्याच्याशेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, “लोकांना काय दिसत होतं?” त्याने सांगितलं ते असं. कोणी बिलावर देय तारीख १० निवडली की सॉफ्टवेअर ती “१० तारखेची मध्यरात्र” अशी वेळेसकट धरायचं आणि यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत बदलायचं. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यांची १० ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ९ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. मग साठवताना वेळ गाळून नुसती तारीख ठेवली जायची, आणि बिलावर यायची ९. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या मागे आहे त्यांना काहीच दिसत नव्हतं. चाचणीचे संगणक यूटीसीवरच लावलेले, त्यामुळे आमच्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

पुढचा प्रश्न, कधीपासून? चूक ज्या बदलातून शिरली तो त्याने शोधून काढला, आणि तो कोणकोणत्या आवृत्त्यांत गेला ते `git tag --contains` ने दाखवलं. ३.६ पासून. म्हणजे सलग तीन आवृत्त्या.

मग मी विचारलं, “आधी केलेल्या बिलांचं काय?”

“त्यांना हात लावलेला नाही.”

“का? सगळ्यांत एकेक दिवस मिळवून टाका ना.” मला वाटलं, आळस आहे.

तो म्हणाला तसं करता येणार नाही, पण कारण त्याला नीट सांगता येईना. ते मला सपोर्टच्या टेबलावर सापडलं. तिथल्या सहकाऱ्याने जुन्या तक्रारी उघडून दाखवल्या. बऱ्याच जणांनी तक्रार करणं कधीच सोडून दिलं होतं. १० हवी असेल तर ते ११ टाकत. बिलावर १० यायची, काम भागायचं. एकाने तर नव्या माणसाला शिकवतानाही “इथे एक दिवस पुढची टाकायची” असंच सांगितलं होतं. म्हणजे डेटाबेसमधली काही बिलं चुकलेली होती आणि काही या युक्तीमुळे अगदी बरोबर. कोणतं कुठलं, हे बाहेरून ओळखता येत नव्हतं. सरसकट एक दिवस मिळवला असता तर बरोबर असलेली बिलं बिघडली असती.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. ही माणसं नवी आवृत्ती घेतील, सवयीने ११ टाकतील, आणि आता बिलावर खरोखरच ११ येईल. आमची दुरुस्ती त्यांच्यासाठी नवी चूक ठरणार होती.

एकाच संगणकावर जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या लावल्या, घड्याळ पुढच्या टाइमझोनवर नेलं आणि १० निवडून दोन्हीकडे काय येतं ते पाहिलं. स्वतः न पाहिलेलं मी लिहीत नाही. मग हे लिहिलं:

> एक दिवस पुढची तारीख टाकत असाल, तर आता टाकू नका.
> आवृत्ती ३.६ ते ३.८ मध्ये काही जणांच्या बिलावर देय तारीख एक दिवस आधीची येत होती. आता तुम्ही निवडाल तीच तारीख येईल. आधी केलेल्या बिलांच्या तारखा आपोआप बदलणार नाहीत. ‘येणे बाकी’ मध्ये जाऊन त्या एकदा तपासा.

पहिल्या मसुद्यात “चूक दुरुस्त केली” हे सगळ्यात वर होतं. पण लोक पहिली ओळ वाचून खिडकी बंद करतात, म्हणून जे करायचं ते वर आणलं. ‘येणे बाकी’ हे नाव पडद्यावर जसं आहे तसंच, मला आवडेल ते नव्हे. लांबीचंही भान ठेवावं लागतं. गूगल प्लेवर एका भाषेसाठी ५०० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सुटे मोजले जातात. ‘किंमत’ आपल्याला तीन अक्षरी वाटतो, तिथे तो पाच खातो.

बाकीच्या ओळींचं थोडक्यात. `refactor` म्हणजे वापरणाऱ्याला फरक न दिसणारा बदल, अशी रीत आहे, म्हणून तसल्या ओळी गाळायच्या. पण यादीतल्या या ओळीने निर्यात होणाऱ्या फाइलमधल्या एका रकान्याचं नाव बदललं होतं. ज्यांच्या एक्सेलमधली सूत्रं त्या नावावर रकाना शोधत, त्यांचं सगळं कोसळलं असतं. ती नोट्समध्ये गेली, जुन्या आणि नव्या नावासकट. उलट `feat` वाली ओळ मी गाळली, कारण `behind flag` म्हणजे कोड आत आहे पण दार बंद. पूर्वी एकदा अशीच सोय मी जाहीर करून बसले होते, आणि लोक नसलेलं बटण शोधत राहिले. `chore` साठी एक पीडीएफ काढून पाहिली, ठीक होती, विषय संपला.

शेवटी मजकूर दोघांना वाचायला दिला. डेव्हलपरला, खोटं काही नाही ना म्हणून. आणि सपोर्टच्या सहकाऱ्याला, हे वाचून फोन येईल का म्हणून.

तरी फोन आलाच. दर महिन्याला आपोआप निघणाऱ्या बिलांचा साचा असतो, त्यात काहींनी पूर्वी कधीतरी ११ भरून ठेवलेली होती. त्यांनी नोट वाचली, ११ टाकणं थांबवलं, पण साच्यातली ११ विसरले, कारण ती रोज हाताने टाकावी लागत नव्हती. पुढच्या महिन्यात बिलांवर देय तारीख ११ आली. मी साचे तपासलेच नव्हते. ३.९.१ च्या नोट्समध्ये पहिली ओळ त्यांची गेली: “दर महिन्याच्या बिलाचा साचा उघडा आणि त्यातली तारीख पाहा.”