बारा पाहुण्यांची सोलकढी: पाण्याचा हिशेब आधी

एप्रिलमधल्या एका रविवारी कोथरूडच्या आमच्या घरी बारा माणसं जेवायला होती. सुरमई, कोळंबीचं कालवण, भात आणि सोलकढी असा बेत होता. चौघांची सोलकढी मी नेहमी करते, तिला माप लागत नाही. पण मागे एकदा आठ जणांसाठी केली, तेव्हा ऐनवेळी कमी वाटली म्हणून दोन पेले पाणी ओतलं. रंग तसाच राहिला, पण चव गेली, आणि मीठ वाढवून ती परत आली नाही. म्हणून या वेळी गुरुवारीच एका नारळाची करून पाहिली, प्रत्येक टप्प्यावर मापाचं भांडं लावून.

वेंगुर्ल्याला सासूबाईंना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "पाणी किती वेळा घालतेस गो?" मी मोजलं तर तीन ठिकाणी होतं. खोबरं वाटताना, सोलं भिजवताना आणि शेवटी सारखं करताना. "शेवटचं विसर. लागणारं सगळं पाणी आधी खोबऱ्यातून काढ," त्या म्हणाल्या. मला लागणारं सूत्र एवढंच होतं. पाणी खोबऱ्यातून गाळून आलं की थोडा तरी रस घेऊन येतं, नुसतं ओतलं की फक्त पातळ करतं.

गुरुवारच्या नारळाचं खवलेलं खोबरं २६० ग्रॅम भरलं. त्यात एक वाटी, म्हणजे २०० मिली, कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवलं आणि सुती फडक्यातून पिळलं. दाट रस २५० मिली निघाला. पाणी बोटाला सोसेल इतपतच गरम हवं. गार पाण्यात खोबऱ्यातला स्निग्धपणा नीट सुटत नाही. तोच चोथा २५० मिली पाण्यात पुन्हा वाटला, २४० मिली रस आला. तिसऱ्यांदा १५० मिली घातलं, तेवढंच पातळ पांढरं पाणी निघालं. म्हणजे एका नारळामागे तीन वाट्या पाणी आणि हाती ६४० मिली रस. चौथ्यांदा पिळून पाहिलं, पण त्याला खोबऱ्याची चव उरलेली नव्हती, ते टाकून दिलं. बारा आमसुलं १२० मिली पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करली, त्याचं १०० मिली गडद पाणी झालं. सगळं मिळून पाऊण लिटरला जरा कमी.

आता माणसं. आमच्याकडे सोलकढी आधी पेल्यातून पितात आणि निम्मे लोक शेवटी भातावर पुन्हा घेतात. सरासरी माणशी पावणेदोनशे मिली धरली तर बारा जणांना २१०० मिली. तीन नारळांत ते बसत होतं. मंडईतून मात्र चार आणले, आणि बरं झालं. दुसरा फोडला तो आतून खवट निघाला. नारळ मी नेहमी वेगळ्या वाडग्यात फोडते आणि खवण्याआधी कडेचा तुकडा चावून बघते. खवट खोबरं एकदा बाकीच्यात मिसळलं की सगळा रस जातो.

खोबऱ्याला तीनने गुणणं जमलं, सोलांना जमलं नाही. गुरुवारी घरातली जुनी, कोरडी सोलं होती. रविवारसाठी नवीन पाकीट फोडलं, ती ओलसर, जाड आणि खारट निघाली. आमसूल म्हणजे रातांब्याची साल, तिच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली, आणि कोण त्यात किती मीठ घालतं त्याला नेम नाही. छत्तीस सोलं ३६० मिली पाण्यात भिजवली तेव्हा ते पाणी चाखूनच कळलं की त्यात मीठ बरंच आहे. सोलं मोजून भागत नाही, त्यांचं पाणी चाखावं लागतं. पुढच्या वेळी अशी सोलं भिजवण्याआधी पाण्यातून एकदा विसळून घेईन. आगळ वापरत असाल तर तोही खारटच असतो, त्यामुळे मीठ अगदी शेवटी घाला. कोकम सरबताचा पाक मात्र इथे चालत नाही, त्यात साखर असते.

म्हणून सोलांचं पाणी एकदम न ओतता डावाने घातलं. दर डावानंतर ढवळायचं, चाखायचं आणि रंग बघायचा. आधी करडी-जांभळट झाक येते, तेव्हा आंबटपणा अजून कमी असतो. मग ती फिकट गुलाबीवर येते आणि तिथे थांबायचं. लालसर झाली की नारळाची गोडी मागे पडते. निघालेल्या ३२० मिलीपैकी २५० मिलीच लागलं, रस होता १९२० मिली. म्हणजे साडेसात-आठ वाट्या रसाला एक वाटी सोलांचं पाणी. गुरुवारी हेच साडेसहाला एक होतं. उरलेलं पाणी बाटलीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी आमटीत गेलं.

लसूण आणि मिरचीही तिपटीने घालू नये. एका नारळाला दोन पाकळ्या आणि एक मिरची होती, तीन नारळांना चार पाकळ्या आणि दोन मिरच्या भरपूर झाल्या. त्या खोबऱ्याबरोबरच पहिल्या वाटणात घातल्या. कच्चा लसूण रसात जितका वेळ राहतो तितका पुढे येतो, वाढायच्या वेळी तो चाखल्यापेक्षा जास्तच लागतो.

राहिला प्रश्न गार करण्याचा. गुरुवारची उरलेली कढी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली होती. सकाळी वर पांढरा घट्ट थर आणि खाली गुलाबी पाणी. खोबरेल चोविसेक अंशांखाली गोठतं, फ्रिजमध्ये तेच झालं. ढवळली तर जिभेवर मेणासारखे कण. गरम करून ते विरघळवायला जाऊ नका, सोलांच्या आंबटपणात तापवलेला रस फाटतो. शिवाय एप्रिलच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याचा रस सकाळपासून बाहेर ठेवला तर दुपारपर्यंत त्याला आंबूस वास लागू शकतो, म्हणून फार आधी काढणंही नको.

शेवटी असं केलं. साडेदहाला रस काढायला बसले. तिसरा, पातळ रस आणि सोलांचं पाणी वेगवेगळ्या भांड्यांत फ्रिजमध्ये ठेवलं. दोन्हींत गोठण्यासारखं फारसं काही नसतं. पहिला आणि दुसरा रस एकत्र करून ओट्यावर गार कोपऱ्यात झाकून ठेवला. साडेबाराला तिन्ही रस मिसळले, त्यात सोलांचं पाणी डावाने घातलं, चाखून अर्धा चमचा मीठ आणि कोथिंबीर. बर्फ घातला नाही, कारण वितळलेला बर्फ म्हणजे शेवटी ओतलेलं पाणीच. कढी माठातल्या पाण्याइतपत गार झाली होती आणि तासभर एकजीव राहिली. दर वेळी वाढण्याआधी डाव मात्र तळापासून फिरवत होते.

जेवणं झाल्यावर पातेल्यात जेमतेम एक वाटी उरली. सासूबाईंना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बारा जणांत वाटी उरते म्हणजे कुणीतरी भातावर घेतलीच नाही.