त्रिकोणी सायकलमध्ये दडलेले ५० जूल

थर्मोच्या असाइनमेंटमधला चौथा प्रश्न मी सगळ्यात आधी सोडवला, कारण तो सोपा वाटला. P-V ग्राफवर काटकोन त्रिकोण. A ला १ लिटर, १०० किलोपास्कल. तिथून सरळ वर B, ३०० किलोपास्कल. मग तिरकी रेघ खाली C ला, ३ लिटर आणि पुन्हा १०० किलोपास्कल. शेवटी आडवं परत A ला. वायू आदर्श, एकअणुक.

वर्क म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ. पाया २ लिटर, उंची २०० किलोपास्कल. किलोपास्कल गुणिले लिटर म्हणजे थेट जूल, म्हणून २०० जूल. सायकल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणून धन.

मग हीट. AB वर आकारमान बदलत नाही, म्हणून १.५ × २०० × १ = ३०० जूल आत. B आणि C दोन्हीकडे PV ३००च, म्हणजे तापमान सारखं, ΔU शून्य. रेघेखालचं क्षेत्रफळ ४०० जूल तेवढी हीट आत. CA वर ५०० बाहेर. ३०० + ४०० − ५०० = २००, हिशोब जुळला. एफिशियन्सी २०० भागिले ७००, २८.६ टक्के. वही मिटली.

रूममेटचं उत्तर २६.७ आलं होतं. मी त्याचीच चूक शोधत बसलो. तो म्हणाला, "BC वर C च्या जवळ हीट आत येतेय की बाहेर जातेय, ते बघ ना."

रेघेचं समीकरण मांडलं आणि छोट्या तुकड्याची हीट काढली:

```
P = 400 − 100V
dQ = 1.5 d(PV) + P dV
   = (1000 − 400V) dV
```

२.५ लिटरला हे शून्य होतं आणि पुढे ऋण! मला वाटत होतं की हीट उलटायचीच तर तापमान सर्वांत जास्त असतं तिथे, म्हणजे २ लिटरला उलटेल. पण २ ते २.५ मध्ये वायू थंड होत असतानाही हीट आतच घेत असतो, कारण प्रसरणाचं वर्क आतली ऊर्जा कमी होते त्याहून जास्त असतं.

शेवटचा अर्धा लिटर हाताने तपासला. सरासरी दाब १२५, वर्क ६२.५. PV ३७५ वरून ३०० वर, म्हणून ΔU उणे ११२.५. बेरीज उणे ५० जूल. म्हणजे BC वर ४५० आत आणि ५० बाहेर. मी धरलेले ४०० ही त्यांची वजाबाकी होती. एकूण आत ७५०, एफिशियन्सी २०० भागिले ७५०, २६.७ टक्के.

गंमत म्हणजे बाहेर जाणारी हीटही ५५० होते आणि फरक पुन्हा २००च येतो. म्हणून माझा ताळा चूक पकडूच शकत नव्हता.

सरांनी उत्तराला टिक केली आणि ग्राफवर बाण काढले नाहीत म्हणून अर्धा मार्क कापला.