तुम्ही विचारलंत म्हणून: केसपेपरवर 'ऐकत नाही' याऐवजी काय?

"सर, वजन कमी करा असं दर वेळी सांगतो, एचबीएवनसी खाली येतच नाही. अशा पेशंटची 'बदलाची तयारी' तुम्ही केसपेपरवर नेमकी काय लिहिता?"

मी माणसाची तयारी लिहीत नाही. एकेका गोष्टीची लिहितो. एकच बाई गोळ्यांना तयार असते, चालायला नसते, आणि इन्सुलिनचा विषय काढला की उठून जायच्या बेतात असते. 'पेशंट उदासीन' असा एकच शेरा मारला की यातलं सगळं पुसलं जातं, आणि पुढचा डॉक्टर तो वाचून पुन्हा पहिल्यापासून रागवायला लागतो.

ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एक केस सांगतो. बावन्न वर्षांच्या बाई, स्वतःची मेस. वजन 84 किलो, उंची 154 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय 35 च्या वर. आपल्याकडे 25 च्या पुढेच लठ्ठपणा धरतात. एचबीएवनसी 9.6. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. आधीच्या पानांवर तीनदा 'डाएट सांगितले'.

मी आधी परवानगी मागितली: "साखरेबद्दल थोडं बोलू का?" मग विचारलं, "साखर आटोक्यात येणं तुमच्या लेखी दहापैकी किती महत्त्वाचं?" आठ म्हणाल्या. "आणि खाण्यात बदल जमेल याची खात्री?" तीन.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. "तीनच का?" असं विचारलं की कारणांची यादी येते, आणि ती सांगता सांगता माणसाला स्वतःलाच पटत जाते. मी उलटं विचारतो: "तीन म्हणालात, एक का नाही?" बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "मुलाच्या दहावीला नवस बोलले होते. वर्षभर चहात साखर घेतली नव्हती." हे मला सुचणं शक्यच नव्हतं. मी फक्त त्यांचंच वाक्य परत म्हटलं: "म्हणजे वर्षभर जमलं होतं." त्यावर त्याच म्हणाल्या, "चहाचं बघते मी." दिवसाला सहा-सात कप होते, कपात दोन चमचे.

मग गोडाचं विचारलं. सकाळी गोळी घेतल्यावर गिऱ्हाइकांच्या गर्दीत जेवायला तीन वाजतात. बाराच्या सुमाराला हात थरथरतात, घाम येतो, म्हणून लाडू तोंडात टाकतात. याला कुणी हावरटपणा म्हणेल. त्या वेळी ग्लुकोमीटरवर बघायला सांगितलं, तर आकडा 62 निघाला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. वर वजनही वाढवते. ती बंद करून डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं, अर्थात किडनीचा रिपोर्ट बघून आणि लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते, ती अंगावर काढू नका, हे सांगून. एक लक्षात ठेवा: पेशंट चालायला तयार नाही म्हणून औषध बदलायचं थांबवायचं नसतं. तयारीची नोंद हे उपचार लांबवायचं निमित्त होऊ देऊ नका.

त्या दिवशीची नोंद साधारण अशी:

"महत्त्व 8, खात्री 3. चहातली साखर: तयार. 'नवसाला वर्षभर सोडली होती.' उद्यापासून बिनसाखरेचा, स्वतः ठरवले. चालणे: द्विधा. 'पाय मोकळे व्हावेत वाटतं, पण संध्याकाळ माझी नसते.' इन्सुलिन: आत्ता नको. 'सासूबाईंना सुरू केलं आणि पाय कापला.' माहिती देऊ का विचारले. पुढच्या वेळी म्हणाल्या. दुपारी थरथर, साखर तपासणार."

अवतरणचिन्हांत त्यांचे शब्द, बाकी माझे. बदलाच्या तयारीच्या टप्प्यांची नावं लिहा हवं तर, पण 'द्विधा' लिहून पुढे वाक्य नसेल तर त्या शब्दाचा उपयोग नाही. वेळ किती लागतो? सात-आठ मिनिटं. ओपीडी तुंबलेली असेल तर नुसते दोन आकडे आणि एक वाक्य लिहा.

असं विचारत बोलण्याची ही पद्धत, म्हणजे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनाच्या उपचारातून मांडली. त्यामुळे तिच्या मर्यादाही ओळखून राहा. साखर 400 च्या वर, वजन झपाट्याने उतरतंय, उलट्या होतायत, अशा वेळी दहापैकी किती विचारत बसायचं नाही; कीटोन तपासा, उपचार सुरू करा. आणि नैराश्य किंवा पैशांची ओढाताण असेल तर खात्री तीनवरून वर का जात नाही, याचं उत्तर गप्पांत नसतं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी 8.3, वजन अडीच किलो कमी. चालणं अजून नाहीच. इन्सुलिनची गरज तूर्त पडली नाही, तरी विषय मी काढला, कारण पानावर 'पुढच्या वेळी' लिहिलं होतं. सासूबाईंची जखम इन्सुलिनच्या कितीतरी आधीपासून होती, हे बोलता बोलता बाईंनीच सांगितलं. तेवढं त्या दिवशी लिहिलं.