एका मिनिटाची ओळख आणि वाक्याच्या टोकाचं क्रियापद

पुण्यातल्या एका कंपनीने अकाउंट्सच्या जागेसाठी रेझ्युमेसोबत व्हिडिओ मागवला होता. मराठीत, ६० सेकंदांच्या आत. बोलायचा मजकूर मी चार वेळा लिहिला. पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

«नमस्कार, माझे नाव (नाव, आडनाव) असून मी मूळची सोलापूर जिल्ह्यातील रहिवासी आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण वाणिज्य शाखेतून पूर्ण झालेले असून मला लेखा क्षेत्रात काम करण्याची मनापासून आवड आहे.»

हे २८ शब्द आहेत आणि त्यांना १७ सेकंद लागतात. एवढ्या वेळात ऐकणाऱ्याला फक्त नाव कळतं, बाकी सगळं रेझ्युमेवर छापलेलंच असतं. शाळेपासून आपल्याला ओळख याच क्रमाने करून द्यायची सवय असते: नाव, गाव, घरचे, शिक्षण, आवड. समोरासमोर ते चालतं. मिनिटाच्या व्हिडिओत कामाचा मुद्दा निम्म्याच्या पुढे जातो आणि मग शेवटचं घाईत उरकावं लागतं.

आधी स्वतःचा वेग मोजला. अकाउंट्समधला एक परिच्छेद फोनमध्ये शांतपणे वाचला आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते मोजलं. माझे १०० झाले. इंग्रजीत याहून बरेच जास्त शब्द बसतात, कारण आपल्याकडे ‘पोर्टलवरच्या’ हा एकच शब्द तिकडे तीन शब्दांचा होतो. म्हणून इंग्रजी व्हिडिओंसाठी सांगितलेली शब्दसंख्या मराठीला लावू नये. सुरुवातीला आणि शेवटी एकेक सेकंद शांतता हवी, नाहीतर ‘नमस्कार’चा ‘न’ कापला जातो. थोडी मोकळीक धरून मी ५२ ते ५५ सेकंदांचं लक्ष्य ठेवलं, म्हणजे ८५ ते ९० शब्द.

शब्द मोजताना आकडे फसवतात. ‘४८,२६०’ कागदावर एक शब्द दिसतो, पण तोंडाने तो ‘अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ’ असा चार शब्दांचा होतो, आणि अडखळतोही तिथेच. म्हणून मजकुरात सगळे आकडे अक्षरांत लिहिले आणि शेकडे सोडून दिले.

खरी अडचण मात्र आवाजात निघाली. दुसरा मसुदा लांबीत बसला, तरी ऐकताना बिचकल्यासारखा वाटत होता. तीन-चारदा ऐकल्यावर कारण सापडलं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाक्य पंधरा-वीस शब्दांचं असलं की श्वास आधीच संपतो आणि ‘सांभाळते’, ‘जुळवते’ हे शब्द पुटपुटल्यासारखे बाहेर पडतात. मी काय करते हे सांगणारा शब्दच गिळला जातो. ‘असून’, ‘करून’, ‘तसेच’ यांनी वाक्यं जोडली की हे हमखास होतं. आवाज चढवून ते सुटत नाही, कारण मग वाक्याची सुरुवात ओरडल्यासारखी होते आणि शेवट तसाच पडतो. उपाय लिहिण्यातच आहे: दहा शब्दांच्या आत पूर्णविराम, आणि क्रियापद एका दमात म्हणता येईल असं आखूड. ‘पूर्ण झालेले आहे’ नको, ‘केलं’ पुरे.

त्याच फेरीत ‘प्रयत्न करते’, ‘थोडंफार येतं’, ‘साधारण’ हे शब्द काढले. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’सुद्धा काढले, कारण ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाहीत. त्यांच्या जागी एक घडलेलं काम घातलं. शेवटचा मजकूर हा:

«नमस्कार. मी (नाव, आडनाव). अकाउंट्सचं काम मी दोन वर्षं करतेय. सोलापुरात एका चादरीच्या व्यापाऱ्याकडे महिन्याला तीनशे बिलं मी टॅलीत घेते. विक्रीचं रिटर्न दहा तारखेला तयार ठेवते. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या यादीशी दर महिन्याला जुळवते. गेल्या वर्षी त्यात एका पुरवठादाराची सात बिलं दिसली नाहीत. मी त्यांना त्याच दिवशी फोन केला. त्यांनी पुढच्या रिटर्नमध्ये ती बिलं भरली. अडकलेलं अठ्ठेचाळीस हजारांचं क्रेडिट आम्हाला मिळालं. मी बीकॉम आहे. तुमच्याकडे बिलं जास्त आहेत, शाखा जास्त आहेत. ही जुळवणी मला तिथे करायची आहे. पुण्यात मी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रुजू होऊ शकते. धन्यवाद.»

एकूण ८६ शब्द. यातली ‘दहा तारखेला’ ही जागा मला महत्त्वाची वाटते. विक्रीचं हे रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१. दर महिन्याला ते भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते. त्यामुळे ‘मी वक्तशीर आहे’ हे न म्हणताही अकाउंट्समधल्या माणसाला ते कळतं. रिटर्न ‘भरते’ असं मात्र लिहिलं नाही, कारण ते सीए भरतात आणि मी तयार करते. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. ‘यादी’ म्हणजे जीएसटी पोर्टलवरची जीएसटीआर-२बी, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची. पुरवठादाराने बिल भरलं नसेल तर ते तिथे येत नाही आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. फॉर्मचं नाव रेझ्युमेवर आहे. व्हिडिओ आधी एचआरमधलं कुणीतरी पाहणार, म्हणून बोलताना साधा शब्द ठेवला. व्यापारी आणि पुरवठादार यांची नावं घेतली नाहीत. दुसऱ्याच्या हिशेबाची माहिती बाहेर सांगणारी व्यक्ती अकाउंट्सला कोण ठेवेल?

मजकूर शब्दशः पाठ केला तेव्हा एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडायचं. कागद बघून वाचला तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसायचे. शेवटी फक्त क्रियापदं पाठ केली: करतेय, घेते, ठेवते, जुळवते, दिसली नाहीत, फोन केला, भरली, मिळालं. ती एका चिठ्ठीवर जाड अक्षरांत उभी लिहून फोनच्या कॅमेऱ्याला खेटून चिकटवली. प्रत्येक वाक्य कुठे पोहोचायचं आहे ते ठाऊक असलं की मधले शब्द एखाद-दुसरे बदलले तरी वाक्य मोडत नाही.

व्हिडिओ काढण्याआधी नुसता आवाज रेकॉर्ड केला. तपासायची पद्धत सोपी आहे. फोन हातभर लांब ठेवून, आवाज कमी करून ऐकायचं आणि कागदावर फक्त ऐकू आलेली क्रियापदं लिहायची. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ‘ठेवते’ आणि ‘जुळवते’ ऐकूच आलं नाही. ती दोन्ही वाक्यं मी एका श्वासात म्हणत होते. मधे थांबायची खूण म्हणून मजकुरात तिरपी रेघ मारली आणि तिथे तोंड मिटून नाकाने श्वास घेतला. तोंड उघडं राहिलं की ‘अं’ आपोआप येतो. त्या एका थांब्याने पाऊण सेकंद वाढला, पण दोन्ही शब्द स्पष्ट आले. सगळं मिळून ५४ सेकंदांत बसलं.

दुसऱ्या कंपनीला पाठवताना ‘तुमच्याकडे’ने सुरू होणारं वाक्य आणि रुजू होण्याचं गाव बदलते, बाकी तसंच ठेवते. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी तिथे ‘तुमच्याकडे रोज शेकडो पुरवठादारांची बिलं येतात’ असं आधी लिहिलं होतं. ‘शेकडो’ मला माहीत नव्हतं, फक्त अंदाज होता. मग ‘तुमच्याकडे खरेदीची बिलं रोज येतात’ एवढंच ठेवलं आणि घड्याळ लावून पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं.