दोन इंची रोल, ड्रिपचं दुकान आणि डुप्लिकेट बिल: माझा अनुभव

अमळनेरला आमचं पाइप-फिटिंग आणि ड्रिपच्या सामानाचं दुकान आहे. सीझनला गर्दी होते म्हणून दुसरा काउंटर टाकला आणि त्याला छोटा ५८ एमएमचा थर्मल प्रिंटर घेतला, पहिल्यावर ८० एमएमचा होताच. लावल्या लावल्या गंमत अशी झाली की प्रत्येक आयटमची रक्कम खालच्या ओळीत पडायला लागली. सॉफ्टवेअरवाल्या पोराने सांगितलं, भो ८० वर नेहमीच्या फॉन्टमध्ये एका ओळीत ४८ अक्षरं बसतात आणि ५८ वर फक्त ३२, कारण कागद ५८ चा असला तरी छपाई ४८ एमएममध्येच होते. फॉरमॅट ४८ चाच राहिला होता.

मग त्याने ३२ चा बनवला, नावाला १६ अक्षरं आणि बाकी नग, दर, रकमेला. दिसायला छान, पण `PVC PLAIN ELBOW 63MM` मधला `63MM` च उडाला! आमच्याकडे उरलेलं फिटिंग परत आणतात लोक, मग ६३ ची एल्बो होती का ७५ ची हे बिलावरून कळणार कसं? शेवटी नाव पूर्ण एका ओळीत आणि त्याखाली नग, दर, रक्कम असं केलं. कागद जास्त जातो, जाऊ दे.

दुसरा विषय रिप्रिंटचा. मे महिन्यात गाडीत पुढे काचेपाशी ठेवलेलं बिल काळं पडतं, प्लॅस्टिकच्या पाकिटातलं उडून जातं, त्यामुळे लोक परत बिल मागतातच. पण दोन्ही कॉपी सारख्या असल्या तर एका मालाची वापसी दोन काउंटरवर दोनदा होऊ शकते. म्हणून पहिल्या प्रिंटनंतर निघेल त्या प्रत्येकावर `DUPLICATE COPY` येतं, डबल रुंदीत. १४ अक्षरांची २८ जागा होते, म्हणजे ३२ मध्ये बसतं. वर एकदा आणि टोटलच्या लगेच वर एकदा, कारण नुसतं वर असलं तर तेवढा तुकडा फाडता येतो. बिल नंबर आणि तारीख-वेळ मूळचीच राहते, रिप्रिंटची वेळ वेगळी खाली, आणि कितवी कॉपी तेही. रिप्रिंटने स्टॉक किंवा विक्री हलायला नको, हे मी स्वतः एक बिल परत काढून स्टॉक बघून तपासलं.

अडचण एकच, रोल मध्येच संपला तर अर्धं बिल निघतं आणि पुढचं पूर्ण बिल डुप्लिकेट म्हणून येतं. गिऱ्हाईक म्हणतं मला ओरिजिनल द्या. पोरगा म्हणे अशा वेळी शिक्का काढायचं बटण देतो, मी नको म्हटलं, ते बटण रोजच दाबलं जाईल. अर्धं बिल डुप्लिकेटला स्टेपल करून देतो. आणि वापसी करताना कागदावर न जाता बिल नंबर टाकूनच बघतो, आधी किती नग परत आले ते तिथे दिसतं.